दिलेली परवानगी परत घेताना

साताऱ्याला आत्याकडे गेलो होतो. ती निवृत्त शिक्षिका. तिच्या जीमेलची जागा भरली होती म्हणून फोन हातात घेतला आणि सहज तिच्या गूगल खात्यातलं एक पान उघडलं. बाहेरच्या कोणकोणत्या अ‍ॅपना आणि संकेतस्थळांना या खात्यात शिरकाव आहे, याची यादी तिथे असते. आत्याच्या यादीत एकोणीस नावं होती. वरून तिसरं नाव कागद स्कॅन करणाऱ्या एका अ‍ॅपचं होतं. पेन्शनच्या कामासाठी तिने ते चार वर्षांपूर्वी घेतलं होतं.

"अरे, ते तर मी कधीच काढून टाकलं," आत्या म्हणाली. "त्यानंतर फोन बदलला, पासवर्डही बदलला."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरीही तिच्या ड्राइव्हमधली प्रत्येक फाइल पाहण्याची, बदलण्याची आणि पुसण्याची मुभा त्या अ‍ॅपकडे यादीत तशीच उभी होती. त्या ड्राइव्हमध्ये आधार कार्ड होतं, पेन्शनचे कागद होते, गावाकडच्या जमिनीचा सातबाराही होता.

हे कसं होतं ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. एखादं अ‍ॅप 'गूगल खात्याशी जोडा' असं विचारतं आणि आपण 'Allow' दाबतो, तेव्हा आपला पासवर्ड त्या अ‍ॅपकडे जात नाही. गूगल त्याला एक वेगळा सांकेतिक परवाना देतं. रोजच्या कामाचा परवाना साधारण तासाभरात संपतो. त्याच्यासोबत बहुतेकदा दुसरा, दीर्घ मुदतीचा परवानाही मिळतो. तो दाखवला की तासाचा नवा परवाना पुन्हा पुन्हा घेता येतो, आणि त्यासाठी आपल्याला काहीही विचारलं जात नाही. हा दीर्घ परवाना आपल्या फोनमध्येच असतो असं नाही. पुष्कळदा तो अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो. म्हणून फोनवरून अ‍ॅप काढलं तर फक्त आपल्या बाजूचं चित्र पुसलं जातं. कंपनीकडचा परवाना शाबूत राहतो.

पासवर्डचं काय? जीमेलच्या पत्रांना हात लावणारे परवाने पासवर्ड बदलल्यावर रद्द होतात, असा गूगलचा नियम आहे. मात्र नुसत्या ड्राइव्हचा, कॅलेंडरचा किंवा संपर्कांचा परवाना त्याने रद्द होत नाही. सहा महिने अजिबात न वापरलेला दीर्घ परवाना आपोआप बाद होतो, हे खरं. पण 'न वापरलेला' म्हणजे कंपनीच्या सर्व्हरने न वापरलेला. आपण ते अ‍ॅप विसरलो, तरी सर्व्हर दर रात्री आपलं खातं तपासत असेल तर परवाना जिवंतच राहतो.

तो परत घेण्याची खात्रीची जागा एकच. संगणकावर किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये आपल्या खात्यात शिरून हा पत्ता टाकायचा: myaccount.google.com/connections. एकाहून जास्त खाती असतील तर वरच्या कोपऱ्यातलं चित्र पाहून योग्य खातं उघडलंय ना याची खात्री करायची आणि प्रत्येक खात्यासाठी हे वेगळं करायचं. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर त्यासाठीचं पान account.live.com/consent/Manage या पत्त्यावर आहे.

यादी लांब दिसली तरी घाबरायचं कारण नाही, कारण तिच्यातली सगळी नावं सारख्या वजनाची नसतात. पहिला प्रकार फक्त ओळख पटवण्याचा. एखाद्या संकेतस्थळावर आपण 'Sign in with Google' दाबून शिरलेलो असतो. त्या संकेतस्थळाला आपलं नाव, ईमेल पत्ता आणि खात्यावरचं चित्र एवढंच मिळतं. आपली पत्रं किंवा फाइली त्याला दिसत नाहीत. आत्याच्या एकोणीसपैकी अकरा नावं अशी होती. दुसरा प्रकार खात्यातल्या माहितीपर्यंत पोचण्याचा. खरी तपासणी याची करायची. अशी सात नावं निघाली. तिसरा प्रकार उलट दिशेचा: तिथे गूगललाच दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जाता येतं. आत्याच्या दिवाणखान्यातला आवाजावर चालणारा दिवा असा जोडलेला होता. तो दिवा केव्हाच बंद पडला होता.

आम्ही ती सात नावं एकेक करून उघडली. नावावर बोट ठेवलं की त्या अ‍ॅपला काय काय करता येतं ते वाक्यांत लिहिलेलं दिसतं. ही वाक्यं सावकाश वाचावीत, कारण एका शब्दाने अर्थ पार बदलतो. स्कॅनरच्या खाली लिहिलं होतं: 'See, edit, create, and delete all of your Google Drive files'. पीडीएफ जोडून देणाऱ्या एका संकेतस्थळाच्या खाली जवळपास तेच वाक्य होतं, फक्त शेवटी 'only the specific Google Drive files you use with this app' असं होतं. पहिल्याला सगळं कपाट उघडं आहे. दुसऱ्याला आपण त्याच्यासोबत वापरलेल्याच फाइली दिसतात. काम दोघांचंही कागदाचंच, पण एकाने गरजेपुरतं मागितलं आणि दुसऱ्याने सगळंच.

पत्रांच्या बाबतीतही असाच फरक असतो. फक्त वाचण्याची परवानगी वेगळी, फक्त पाठवण्याची वेगळी, आणि वाचणं, लिहिणं, पाठवणं व कायमचं पुसणं अशी चारही एकत्र देणारी वेगळी. आत्याकडे जाहिरातींची पत्रं आवरून देणारं एक अ‍ॅप होतं, त्याला चारही दिलेली होती. ज्याला आपली पत्रं वाचता येतात, त्याला बँकेची विवरणं दिसतात आणि इतर संकेतस्थळांकडून येणारे पासवर्ड बदलण्याचे दुवेही दिसतात. म्हणून पत्रांची परवानगी सर्वांत आधी तपासावी, त्यानंतर संपूर्ण ड्राइव्हची, मग संपर्कांची.

अशा परवानगीचं पुढे काय होऊ शकतं, याचं नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नको असलेली पत्रं आवरून देणारी 'अनरोल मी' ही मोफत सेवा लोकप्रिय होती. तिची मालक कंपनी लोकांच्या पत्रपेटीतल्या पावत्यांमधून बाजाराची माहिती काढून विकत होती, आणि लिफ्ट या टॅक्सी सेवेच्या पावत्यांवरून काढलेली, नावं वगळलेली माहिती उबरने घेतली होती, हे एप्रिल 2017 मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर ग्राहकांची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. 2019 च्या अखेरीस झालेल्या आदेशानुसार, ज्या ग्राहकांनी स्पष्ट संमती दिलेली नाही त्यांच्या साठवलेल्या पावत्या कंपनीला पुसाव्या लागणार होत्या. इथे कुणी कुलूप फोडलं नव्हतं. दार ग्राहकांनीच उघडून दिलं होतं.

दुसरं उदाहरण 3 मे 2017 चं. ओळखीच्या माणसाने कागद पाठवल्याचं एक पत्र अनेकांना आलं. दुवा दाबला की गूगलचंच खरंखुरं परवानगीचं पान उघडत होतं. परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपचं नाव होतं 'Google Docs', पण ते गूगलचं नव्हतं. कुणीतरी ते नाव घेतलं होतं. परवानगी मिळताच ते पत्रांपर्यंत आणि संपर्कांपर्यंत पोचायचं आणि तेच पत्र ओळखीच्या सगळ्यांना धाडायचं. गूगलने साधारण तासाभरात हे थांबवलं. जीमेल वापरणाऱ्यांपैकी 0.1 टक्क्याहून कमी लोकांना झळ बसल्याचं कंपनीने सांगितलं. यात कुणाचाही पासवर्ड चोरीला गेला नव्हता. मोबाइलवर येणारा ओटीपीही इथे आड आला नसता, कारण खातेदार स्वतः आत शिरून परवानगी देत होता. यादीतलं ओळखीचं नाव म्हणजे ओळखीचं अ‍ॅप, असं त्यामुळे धरून चालू नये. तपशिलात परवानगी दिल्याची तारीख दिसते. त्या दिवशी आपण असं काही केल्याचं आठवत नसेल, तर नाव कितीही भरवशाचं वाटलं तरी काढावं.

काढणं सोपं आहे. अ‍ॅपच्या पानावर खाली 'Delete all connections you have with' असं लिहून पुढे त्या अ‍ॅपचं नाव असतं. ते दाबून होकार दिला की काम झालं. ओळखीपुरतं नातं ठेवून फक्त माहितीची परवानगी काढायची असेल, तर 'See details' मध्ये जाऊन 'Remove access' दाबायचं. चुकून कामाचं अ‍ॅप काढलं गेलं तरी फारसं बिघडत नाही. पुढच्या वेळी ते पुन्हा परवानगी मागतं.

दोन ठिकाणी मात्र हात जरा आवरावा. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांची राखीव प्रत गूगल खात्यात साठते, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचं नाव या यादीत दिसणं रास्त आहे. ते काढलं तर नवी प्रत साठणं थांबतं. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'Manage apps' खाली 'Delete hidden app data' असाही पर्याय असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपपुढे दाबला तर साठलेली प्रतच जाते, तेव्हा तिकडे जाऊ नये. दुसरं, ज्या संकेतस्थळावर आपण फक्त गूगलच्या ओळखीने शिरतो, तिथे नातं तोडण्याआधी वेगळा पासवर्ड बनवून घ्यावा. ओळखीचं नातं तोडल्याने त्या संकेतस्थळावरचं आपलं खातं बंद होत नाही. तिथलं खातं नकोच असेल, तर ते तिथे जाऊन बंद करावं लागतं.

एक वाट या यादीत दिसतच नाही. जुन्या पत्रांच्या सॉफ्टवेअरसाठी किंवा ऑफिसातल्या स्कॅनर-प्रिंटरसाठी काहींनी 'App password' काढलेला असतो. हा सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड. त्यांची यादी myaccount.google.com/apppasswords या पत्त्यावर मिळते. ज्या यंत्रासाठी तो काढला होता ते आता आपल्याकडे नसेल, तर तोही पुसून टाकावा.

आत्याच्या सातांपैकी दोन नावं राहिली: व्हॉट्सअ‍ॅप आणि फोनवर पत्रं वाचायला ती रोज वापरते ते अ‍ॅप. ओळखीपुरत्या अकरांपैकी चार ठेवली. दिवाही गेला. एकोणिसाची सहा झाली आणि या सगळ्याला पाऊण तास लागला.

"म्हणजे आता माझा सातबारा त्यांच्याकडे नाही ना?" आत्याने विचारलं.

याचं उत्तर त्या पानावर नव्हतं. परवानगी काढल्याने पुढचं येणं-जाणं थांबतं. चार वर्षांत त्या कंपनीने ज्या प्रती आधीच करून ठेवल्या असतील, त्यांच्यापर्यंत गूगलचा हात पोचत नाही. त्यासाठी त्या कंपनीलाच लिहावं लागतं. आम्ही स्कॅनरच्या संकेतस्थळावर गोपनीयता धोरण उघडलं. त्याच्या तळाशी माहितीविषयीच्या तक्रारींसाठीचा ईमेल पत्ता होता. ज्या ईमेलने खातं उघडलं होतं त्याच ईमेलवरून आत्याने चार ओळी लिहिल्या: माझं खातं बंद करा, माझ्या साठवलेल्या सर्व फाइली पुसा, आणि पुसल्याचं मला कळवा. पत्र गेल्यावर तिने भिंतीवरच्या कालनिर्णयवर पंधरा दिवसांनंतरच्या तारखेला पेन्सिलीने गोल केला. उत्तर आलं नाही तर त्या दिवशी पुन्हा लिहायचं, असं ठरलं.