गॅसच्या ज्योतीचं समीकरण जुळवायचं कसं? आणि जुळलं तरी ते धोक्याचं कधी असतं?

मागच्या रविवारी सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या मावशीकडे गेले होते. मावसबहीण दहावीला. आत गॅसवर कुकर शिट्ट्या मारत होता आणि ही विज्ञानाची वर्कशीट पुढ्यात घेऊन बसलेली. एका समीकरणावर गाडी अडली होती.

C₄H₁₀ + O₂ → CO₂ + H₂O

C₄H₁₀ म्हणजे ब्यूटेन. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्यूटेन हेच दोन वायू असतात. म्हणजे आत कुकरखाली जे जळत होतं, तेच कागदावर होतं.

"ताई, हायड्रोजन जुळवला मी," ती म्हणाली. पाहिलं तर तिने H₂O चं H₁₀O करून टाकलेलं. आकडा जुळला, पण पाणी गायब झालं!

इथेच बहुतेक जण चुकतात. सूत्रातला खालचा छोटा अंक त्या पदार्थाची ओळख असतो. तो बदलला की पदार्थच बदलतो. H₂O म्हणजे पाणी, पण H₂O₂ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यामुळे आपण बदलू शकतो ती एकच गोष्ट, सूत्राच्या आधी लिहिलेला मोठा अंक, म्हणजे सहगुणक. तो सांगतो की असे रेणू किती आहेत.

मग आम्ही कागदावर दोन रकाने पाडले आणि आधी फक्त मोजलं.

कार्बन: डावीकडे ४, उजवीकडे १
हायड्रोजन: डावीकडे १०, उजवीकडे २
ऑक्सिजन: डावीकडे २, उजवीकडे ३

उजवीकडे ऑक्सिजन ३ कसा? CO₂ मधले २ आणि पाण्यातला १. एकच मूलद्रव्य दोन पदार्थांत असेल तर दोन्हीकडचं मोजायचं. हा एक अणू विसरला की पुढचं सगळं गणित कोसळतं.

पहिली पायरी कार्बनची. डावीकडे ४ आहेत, म्हणून उजवीकडे 4CO₂ लिहिलं. दुसरी पायरी हायड्रोजनची. डावीकडे १० आहेत आणि पाण्याच्या एका रेणूत २, म्हणून 5H₂O.

ऑक्सिजन मुद्दाम शेवटी ठेवायचा. डावीकडे तो एकटा आहे, त्यामुळे त्याचा सहगुणक बदलला तरी जुळलेला कार्बन किंवा हायड्रोजन बिघडत नाही. आता उजवीकडे ऑक्सिजन मोजू. 4CO₂ मध्ये ८ आणि 5H₂O मध्ये ५, एकूण १३. डावीकडे मात्र ते दोन-दोनच्या जोडीने येतात. १३ च्या जोड्या लावल्या तर साडेसहा होतात. अर्धा रेणू लिहायचा नसतो, म्हणून सगळे सहगुणक दुप्पट केले.

2C₄H₁₀ + 13O₂ → 8CO₂ + 10H₂O

दुप्पट करताना एखादा आकडा राहून जातो, म्हणून पुन्हा मोजायचं. कार्बन ८ आणि ८. हायड्रोजन २० आणि २०. ऑक्सिजन डावीकडे २६, उजवीकडे १६ अधिक १० म्हणजे २६. जुळलं.

पण हा १३ आकडा फक्त मार्कांसाठी नाही. दोन रेणू ब्यूटेनला तेरा रेणू ऑक्सिजन लागतो, म्हणजे एक लिटर ब्यूटेन वायूला साडेसहा लिटर. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्केच असतो, त्यामुळे तेवढ्यासाठी जवळपास ३१ लिटर हवा हवी. ती मिळाली नाही तर? हे पाहा.

2C₄H₁₀ + 9O₂ → 8CO + 10H₂O

अणू मोजून बघा. कार्बन ८-८, हायड्रोजन २०-२०, ऑक्सिजन १८-१८. हेही पूर्ण संतुलित आहे! फरक इतकाच की ऑक्सिजन १३ ऐवजी ९ आहे आणि CO₂ च्या जागी CO आलाय. CO म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हा विषारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. प्रत्यक्षात हवा कमी पडली की दोन्ही अभिक्रिया कमी-जास्त प्रमाणात सोबतच चालतात.

म्हणजे अणू जुळले की समीकरण शक्य आहे एवढंच कळतं. प्रत्यक्षात कोणतं घडेल, हे हवा ठरवते. खिडकी बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये गॅस गिझर लावला की जीव जातो, तो याच कारणाने. शेगडीची निळी ज्योत पिवळी व्हायला लागली, भांड्यांचे बूड काळे पडू लागले, तर गॅस अर्धवट जळतोय असं समजायचं आणि बर्नर तपासून घ्यायचा. पण गिझरपाशी अशा खुणेची वाट बघायची नाही. तिथे डोकं दुखलं किंवा चक्कर आली, तर आधी बाहेर पडायचं.

बहिणीने H₁₀O खोडून 10H₂O लिहिलं. मग उठली आणि ओट्यामागची खिडकी उघडली.