मुदतवाढ मागताना महिन्याचा हिशोब द्या

इंटर्नशिपची मुदत वाढवून मागणारी बहुतेक पत्रं एकाच साच्यातली असतात. ‘काही कारणास्तव प्रोजेक्ट पूर्ण होऊ शकला नाही, तरी एक महिन्याची मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.’ अशा पत्रावरून एचआरला काहीच ठरवता येत नाही. काम किती उरलंय, ते महिनाभरात उरकेल का आणि त्यातून कंपनीच्या पदरात काय पडणार, याचा पत्ताच लागत नाही.

उदाहरणादाखल मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी घेऊ. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तिची इंटर्नशिप ३० जूनला संपते आहे. सीएनसी मशीनवर होणाऱ्या एका जॉबचा बोअर अधूनमधून मापाबाहेर जातो आणि जॉब रिजेक्ट होतो. जॉब धरून ठेवणारं फिक्स्चर झिजल्यामुळे हे होतंय, असं तिच्या लक्षात आलं. तिनं नव्या फिक्स्चरचं डिझाइन केलं, पण ते टूलरूममधून हातात पडणार २४ जूनला. उरलेला आठवडा ते बसवण्यात आणि चाचणी घेण्यात जाणार. रिजेक्शन खरंच कमी झालं का, हे सांगायला तिच्याकडे आकडेच नसणार.

आता महिनाच का हवा? लाइनवरच्या ऑपरेटरांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. प्रत्येक ऑपरेटर पहिली, दुसरी आणि रात्रपाळी अशा तिन्ही पाळ्या करून यायला तीन आठवडे लागतात. फक्त दिवसपाळीची मापं घेतली, तर सुधारणा फिक्स्चरमुळे झाली की त्या पाळीतल्या जाणत्या ऑपरेटरमुळे, हे कळत नाही. म्हणून तीन आठवडे नोंदींसाठी आणि उरलेले दिवस अहवालासाठी. तिच्या पत्राचा गाभा असा होतो:

‘बोअरच्या रिजेक्शनचे कारण शोधणे व नव्या फिक्स्चरचे डिझाइन ही कामे पूर्ण झाली आहेत. फिक्स्चर २४ जून रोजी टूलरूमकडून मिळणार आहे. ते बसवल्यानंतर तिन्ही शिफ्टमधील मापांच्या नोंदींसाठी १ ते २१ जुलै आणि अहवाल व सादरीकरणासाठी २२ ते ३१ जुलै एवढा कालावधी लागेल. तरी माझ्या इंटर्नशिपची मुदत ३१ जुलैपर्यंत वाढवून मिळावी, ही विनंती. कॉलेजचे ना हरकत पत्र सोबत जोडले आहे.’

उशीर का झाला, हे यात तारखेवरूनच कळतं. टूलरूमवर खापर फोडावं लागत नाही. उद्या त्याच लोकांकडून काम करून घ्यायचं असतं, हे विसरून चालत नाही. स्टायपेंडबद्दल मात्र गप्प राहू नये. ‘वाढीव महिन्यासाठी सध्याचेच स्टायपेंड लागू राहील का, हे कृपया कळवावे’ एवढं एक वाक्य पुरतं.

पत्र थेट एचआरकडे धाडण्याआधी ज्यांच्या हाताखाली काम चाललंय, त्या मार्गदर्शकांशी बोलून घ्यावं. त्यांची शिफारस नसेल, तर एचआर पत्र पुन्हा त्यांच्याकडेच पाठवणार. कॉलेजकडेही आधीच चौकशी करावी. अहवाल जमा करण्याची तारीख जुलैच्या मध्यात असेल, तर तोवरच्या नोंदींवर कॉलेजचा अहवाल द्यायचा आणि पूर्ण अहवाल महिनाअखेरीस कंपनीला, असं दोन्हीकडे सांगून ठेवावं. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून पत्र मुदत संपायच्या निदान तीन आठवडे आधी जायला हवं.

साहेब तोंडी ‘चालेल, ये’ म्हणाले, की पुष्कळ मुलं निर्धास्त होतात. पण गेटपासवर ३० जून हीच तारीख असते आणि १ जुलैला सिक्युरिटी गेटवरच अडवते. कंपनीचा ईमेल त्याच दिवशी बंद पडू शकतो. त्याहून गंभीर गोष्ट विम्याची. इंटर्नचा अपघात विमा कंपनीनं किंवा कॉलेजनं काढलेला असला, तर तो मूळ मुदतीपुरताच असू शकतो, आणि शॉप फ्लोअरवर विम्याशिवाय उभं राहणं धोक्याचं. म्हणून नवी तारीख लिहिलेलं पत्र किंवा ईमेल हातात घ्यावा आणि गेटपास व विमा त्याच तारखेपर्यंत वाढल्याची खात्री करावी. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावरचा कालावधीही याच कागदावरून ठरतो.

नकारही येऊ शकतो. कधी बजेट नसतं, कधी पुढची तुकडी जुलैत रुजू होणार असते. अशा वेळी मागणी छोटी करून पाहावी: आठवड्यातून एक दिवस येऊन नोंदी गोळा करण्याची परवानगी. तीही नाही मिळाली, तर मापं लिहायचा तक्ता तयार करून लाइनवरच्या क्वालिटी इन्स्पेक्टरांना समजावून द्यावा आणि ३० जूनपर्यंतच्या चाचणीचे आकडे ‘प्राथमिक’ असं स्पष्ट लिहून अहवालात द्यावेत. आठवडाभराच्या आकड्यांवर रिजेक्शन घटल्याचा दावा केला, तर तोंडी परीक्षेत रात्रपाळीबद्दलचा पहिलाच प्रश्न तो खोडून काढेल.