अण्णांसाठी बावीस अक्षरी कडवं

वडिलांच्या पंचाहत्तरीला चार ओळी लिहून द्या, असं सांगत लोक येतात. बरोबर एक कागद असतो आणि त्यावर बहुधा ‘त्यागाची मूर्ती’, ‘मायेचा सागर’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. भावना शंभर टक्के खरी असते. पण जो माणूस आयुष्यभर ‘पोचलीस का?’ आणि ‘पैसे आहेत ना?’ या दोन प्रश्नांत सगळी माया उरकत आला, त्याला हे शब्द चारचौघांत ऐकताना कुठे बघावं ते कळत नाही. तो मान खाली घालतो, नाहीतर ‘बरं, जेवायला घ्या आता’ म्हणून उठतो. असं झालं की आभार पोचायचे राहून जातात.

कोल्हापूरकडच्या एका शिक्षिकेच्या कागदावर विशेषणांच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. तिच्या शिक्षणासाठी अण्णांनी कर्ज काढलं आणि दोन सदऱ्यांवर वर्षं काढली, असा उल्लेख होता. खरा होता, तरी मी तो काढायला सांगितला. अबोल बापाने आपली ओढाताण मुद्दाम झाकलेली असते. ती जावयांसमोर आणि व्याह्यांसमोर उघडी केली, की मुलीला वाटतं आपण गौरव केला आणि त्याला वाटतं आपलं दारिद्र्य वाचून दाखवलं. कर्ज, गहाण टाकलेले दागिने, आजारपण या गोष्टी अशा कवितेत आणूच नयेत. त्याने हाताने केलेलं, दोघांनाही ठाऊक असलेलं आणि ज्याबद्दल घरात कधी शब्द निघाला नाही असं एखादं लहानसं काम शोधावं.

बराच वेळ बोलल्यावर तिला सायकल आठवली. हायस्कूल पाच किलोमीटरवर होतं. मागच्या चाकातली हवा रात्रीतून उतरायची, पण सकाळी ती आंघोळ करून दप्तर घेऊन बाहेर येईपर्यंत चाक दगडासारखं घट्ट झालेलं असायचं. पंप दाराआड उभा असायचा. अण्णा तोवर शेताकडे गेलेले असत. पाच वर्षांत दोघं या विषयावर एकदाही बोलले नव्हते. मला वाटलं, कविता इथेच आहे. कर्ज एकदा काढलं होतं, पंप रोज मारला होता.

आता छंद. अशा कामासाठी माझी पसंती देवद्वार छंदाला आहे. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचा हाच छंद आणि तुकोबांचे कितीतरी अभंगही याच मापाचे. एका कडव्यात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, म्हणजे एकूण बावीस अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, अनुस्वाराचं वेगळं अक्षर होत नाही. ‘तुम्हीसुद्धा’ यात तु, म्ही, सु, द्धा अशी चारच अक्षरं.

या छंदाचा मोठा गुण म्हणजे तो चौथा चरण. तीन चरण चालत येतात आणि चौथ्याला दोन अक्षरांची जागा कमी पडते. भावना फुगवायला वावच राहत नाही, बोलणं अर्ध्यावर आवरल्यासारखं थांबतं. कमी बोलणाऱ्या माणसाची बोलायची रीतही तीच असते. शिवाय गावच्या भजनात बसलेल्या कानाला ही चाल घरची वाटते, त्यामुळे ‘आपल्यावर कविता केली’ हा धक्का बसत नाही.

दोन कडवी लवकर झाली. तिसरं अडलं, कारण तिला कुठेतरी ‘उपकार तुमचे’ म्हणायचंच होतं. त्यात एक अक्षर जास्त होत होतं. पण अक्षर बसलं असतं तरी मी ते ठेवू दिलं नसतं. उपकार म्हटलं की बाप आणि लेक यांच्यात देणं-घेणं उभं राहतं. आज ती स्कूटरवरून स्वतःच्या शाळेत शिकवायला जाते, तेवढं सांगितलं की पुरे होतं. अखेर झालं ते असं:

सायकल माझी
भिंतीला टेकली
हवा भरलेली
मिळे रोज

कोणी भरली ते
विचारले नाही
सांगितले नाही
तुम्हीसुद्धा

आज गाडी माझी
कुठवर आली
तेव्हा भरलेली
हवा पुरे

यात आभार, प्रेम, त्याग, डोळे, पाणी यांतलं काही नाही. वडिलांचं कौतुक करणारं एकही विशेषण नाही. ‘विचारले नाही’ आणि ‘सांगितले नाही’ हे दोन चरण एकमेकांसमोर ठेवले, की न बोलण्याचा वाटा दोघांचाही होतो आणि अण्णांच्या अबोलपणावर बोट ठेवलं जात नाही. ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘तुम्ही कधी बोलला नाहीत’ अशी तक्रार आभाराच्या आडून नकळत घुसते आणि नेमकी तीच त्यांना ऐकू जाते.

एक निर्णय बाकी होता. कागद हातात द्यायचा असेल तर ‘तुम्हीसुद्धा’ ठीक आहे. पंगतीआधी सगळ्यांसमोर वाचायचं असेल, तर त्याच चार अक्षरांत ‘अण्णांनीही’ बसतं. मग कविता नातवंडांना गोष्ट सांगितल्यासारखी होते आणि अण्णा ऐकणाऱ्यांपैकी एक होतात, सगळ्यांनी वळून बघायचा विषय होत नाहीत. जात्यावर बसलेल्या बायका हेच करत आल्या. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत बापाविषयीच्या कितीतरी आहेत. दळताना बाप समोर नसायचा. लेक त्याचं नाव घ्यायची ते जात्याशी, सोबतिणीशी बोलताना. समोरासमोर न म्हणता येणारं असं तिसऱ्याला सांगून म्हणायची वाट आपल्याकडे जुनीच आहे.

तिने ‘अण्णांनीही’ घेतलं आणि जेवणाआधी वाचलं. अण्णा म्हणाले, ‘व्हॉल्व्ह गळका होता त्याचा. बदलून आणला तरी महिन्यात पुन्हा तेच.’ मग पंप कुठून घेतला होता, किती टिकला, हे त्यांनी धाकट्या नातवाला सविस्तर सांगितलं. कविता पोचल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. लहानशा कामावर लिहिलं की ऐकणाऱ्याला त्या कामाबद्दल बोलता येतं. ‘मायेचा सागर’ याला उत्तर देता येत नाही, गळक्या व्हॉल्व्हबद्दल देता येतं.

तुम्ही लिहिणार असाल तर तीन कडव्यांवर जाऊ नका, एक झालं तरी चालेल. फ्रेम करू नका. फ्रेम भिंतीवर लागते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर त्यांना तिचा खुलासा करत बसावं लागतो. साध्या कागदावर, त्यांना चष्म्यातून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहा, सकाळच्या पेपरमध्ये ठेवा आणि चहा करायला आत जा. ते काहीच बोलले नाहीत, तर आवडली का म्हणून विचारू नका.