गुणधर्म ओळीत की रकान्यात?

सूर्याजवळच्या चार ग्रहांचा तक्ता करायला घेतला, की वस्तू चारच राहतात आणि गुणधर्म बघता बघता वीस होतात: व्यास, घनता, गुरुत्वाकर्षण, दिवसाची लांबी, सरासरी तापमान, चंद्रांची संख्या वगैरे. रिवाजाप्रमाणे ग्रह ओळींत आणि गुणधर्म रकान्यांत घातले, तर उभा ए-फोर कागद पुरत नाही. समास सोडून उरलेल्या १६ सेंटिमीटरांत वीस रकान्यांना प्रत्येकी जेमतेम ८ मिलिमीटर मिळतात आणि ग्रहांच्या नावांना जागाच उरत नाही. शीर्षके मग उभी फिरवावी लागतात आणि वाचणाऱ्याची मान वाकडी होते.

तक्ता फिरवला, की अडचण सुटते. गुणधर्मांच्या नावांना ४ सेंटिमीटर दिले, तरी प्रत्येक ग्रहाला ३ सेंटिमीटर राहतात. गुणधर्म कितीही वाढले, तरी तक्ता फक्त खाली लांबतो. नासाचा ग्रहांचा माहिती-तक्ता असाच मांडलेला आहे.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. संख्याशास्त्रज्ञ एहरनबर्ग यांनी १९७७ साली दाखवून दिले, की आकडे शेजारी-शेजारी असण्यापेक्षा एकाखाली एक असले तर त्यांची तुलना सोपी जाते. १२,१०४ च्या खाली १२,७५६ आले, की फरक कोणत्या स्थानापासून सुरू होतो ते नजरेतच भरते. आडवे वाचताना आधीचा आकडा लक्षात धरावा लागतो. चार आकड्यांपर्यंत हे निभते. आठ-नऊ वस्तू झाल्या, की जड जाऊ लागते.

फिरवलेल्या तक्त्यात म्हणूनच ओळींचा क्रम महत्त्वाचा ठरतो. गुरुत्वाकर्षणाच्या ओळीत बुध आणि मंगळ दोघांपुढे ३.७ दिसते, पण मंगळाचा व्यास ६,७९२ किलोमीटर आणि बुधाचा ४,८७९. ही ओळ घनतेच्या लगेच खाली असेल तर उलगडा तिथेच होतो: बुध लहान असला, तरी बराच घन आहे. हेच गुणधर्म वर्णानुक्रमे लावले तर मध्ये भलत्याच ओळी येतात आणि हा संबंध हरवतो. एककही गुणधर्माच्या नावाशेजारीच लिहावे, कारण आता एकाच रकान्यात किलोमीटर, तास आणि अंश एकत्र येतात. दशांशचिन्हे एकाखाली एक आणण्याचा अट्टहास इथे व्यर्थ आहे; प्रत्येक ओळीत दशांशस्थळे सारखी ठेवली की पुरे.

हे सगळे छापील मांडणीपुरते. संगणकावरच्या मूळ नोंदीत ग्रह ओळींतच ठेवावेत. एक्सेलमधला फिल्टर ओळी गाळतो, रकाने नाही. शिवाय एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती असली, की बेरीज-सरासरी सरळ काढता येते. छपाईसाठी ‘Paste Special’मधल्या ‘Transpose’ने फिरवलेली प्रत घ्यावी. नेहमीच्या पद्धतीने चिकटवलेल्या या प्रतीत मूळ आकडे बदलले तरी बदल उतरत नाही. तो आपोआप उतरायला हवा असेल, तर `=TRANSPOSE(A1:U5)` हे सूत्र वापरावे.