कोपऱ्यातला सात

गोव्यात एप्रिल २००८मध्ये सुडोकूची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे वैयक्तिक विजेता ठरला अमेरिकेचा थॉमस स्नायडर. आदल्या वर्षी प्रागलाही तोच जिंकला होता. आज जगभरचे सुडोकूप्रेमी पेन्सिलच्या खुणा करण्याची जी एक काटकसरी पद्धत वापरतात, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. पद्धतीचा नियम एका वाक्यात मावतो: नऊ घरांच्या एखाद्या चौकोनात एखाद्या अंकासाठी दोनच घरे उरली असतील, तरच तो अंक त्या दोन घरांच्या कोपऱ्यात बारीक लिहायचा. तीन घरे शक्य असतील, तर काहीच लिहायचे नाही.

रोज पेपरातले कोडे सोडवणाऱ्यांमध्ये साधारण दोन पंथ दिसतात. काहीजण खुणा करणे कमीपणाचे मानतात, नुसत्या नजरेने शोधत राहतात आणि अडले की कोडे टाकून देतात. उरलेले पहिल्या मिनिटापासून प्रत्येक रिकाम्या घरात शक्य ते सगळे अंक भरून ठेवतात. हिंगोलीहून पूर्णा-अकोला मार्गावरच्या गाडीत बसून असे कोडे सोडवायला घेतले, तर दुसऱ्या पंथाची अडचण लगेच कळते. पेपरातले घर नखाएवढे, डबा हलतोय, आणि त्या घरात पाच बारीक अंक बसवायचे आहेत.

पण खरी अडचण जागेची नाही. कोड्यात ३० अंक दिलेले असतील, तर ८१पैकी ५१ घरे रिकामी असतात. प्रत्येक घरात सरासरी तीन शक्यता धरल्या, तरी दीडशेच्या वर बारीक अंक लिहावे लागतात, आणि तेही एकसुद्धा मोठा अंक न भरता. पुढे एखादा मोठा अंक सापडला, की त्याच्याशी बांधलेली २० घरे तपासावी लागतात: आडव्या ओळीतली आठ, उभ्या ओळीतली आठ आणि चौकोनातली उरलेली चार. यातले एक जरी खोडायचे राहिले, तरी खुणा खोटे सांगू लागतात आणि आपण त्यांच्यावर विश्वास ठेवून पुढे जात राहतो.

म्हणून सुरुवात नजरेनेच करावी. कोड्यात जो अंक सर्वांत जास्त वेळा दिलेला आहे तो आधी घ्यायचा आणि चौकोनामागून चौकोन पाहायचे. त्याच्या आडव्या-उभ्या ओळींनी घरे बंद होत जातात. एकच घर उघडे राहिले, तर अंक तिथेच. असा एकेक अंक घेऊन एक ते नऊ अशी एक फेरी पूर्ण करायची. ज्या ओळीत किंवा चौकोनात दोन-तीनच घरे रिकामी आहेत, तिथे उलट विचारायचे: इथे कोणते अंक राहिलेत? सोपी कोडी एवढ्यावरच सुटतात, तिथे पेन्सिल टेकवण्याची गरज नसते.

पहिल्या फेरीतच, नजर त्या चौकोनावर असतानाच, ‘दोनच घरे’ अशी जागा आली तर खूण करून टाकावी. ती शोधण्याचे कष्ट आधीच झालेले असतात, लिहून ठेवले नाही तर पुढच्या फेरीत तेच कष्ट पुन्हा पडतात. मात्र खुणांसाठी म्हणून वेगळी फेरी या टप्प्यावर मारू नये.

एक प्रसंग घेऊन पाहू. वरच्या तीन ओळी अशा आहेत; टिंब म्हणजे रिकामे घर.

```
८ ९ २ | १ . ३ | . ४ .
. . . | . . . | . . .
४ . ३ | . . . | . १ .
```

खालच्या भागात तीन सात दिलेले आहेत: एक दुसऱ्या उभ्या ओळीत, एक चौथ्या आणि एक पाचव्या. आता वरचे सात शोधायचे.

डावीकडच्या चौकोनात चार घरे रिकामी आहेत. त्यांपैकी दोन दुसऱ्या उभ्या ओळीत येतात, म्हणून ती बाद. उरले मधल्या आडव्या ओळीतले पहिले आणि तिसरे घर. दोनच उरली, तेव्हा दोन्हींच्या कोपऱ्यात बारीक सात. मधल्या चौकोनात चौथी आणि पाचवी उभी ओळ सातसाठी बंद आहे. सहाव्या उभ्या ओळीत सर्वांत वर तीन बसलेला आहे. राहिली त्याखालची दोन घरे, तिथेही बारीक सात. उजवीकडच्या चौकोनात मात्र सात घरे मोकळी आहेत, तिथे काही लिहायचे नाही.

नुसती नजर इथे थांबली असती. एकाही चौकोनात सातची जागा नक्की नाही. तिसरी आडवी ओळ तपासली तरी सातसाठी तीन घरे उघडी दिसतात. पण कागदावरच्या खुणा पाहा: डावीकडचे दोन्ही बारीक सात मधल्या आडव्या ओळीतच आहेत. खरा कोणताही असो, मधल्या ओळीचा सात डाव्या चौकोनात जाणार हे ठरले. मग मधल्या चौकोनातला वरचा बारीक सात खोडला जातो आणि तिसऱ्या ओळीच्या सहाव्या घरात मोठा सात येतो.

एवढ्यावर थांबू नये, हाच सात पुढे न्यावा. मधली ओळ गेली, तिसरी गेली, तेव्हा उजव्या चौकोनाचा सात पहिल्या ओळीतच. तिथे सातवे आणि नववे घर मोकळे आहे. मघाशी तिथे लिहिण्यासारखे काही नव्हते, आता आहे. पुढे कधी खालच्या भागात पहिल्या उभ्या ओळीत सात सापडला, तर डावीकडच्या दोन खुणांपैकी पहिली खोडायची आणि दुसरी मोठी करायची, विचार करावाच लागत नाही. या पद्धतीतली खूण जोडीने राहते. एक गेली की दुसरी म्हणजे उत्तर.

आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. एकाच चौकोनातल्या त्याच दोन घरांत चार आणि सात अशा दोन्ही जोड्या आल्या, तर ती दोन घरे भरली असेच समजायचे. तिथे तिसरा अंक येऊ शकत नाही, आणि चौकोनातली बाकीची घरे एकदम मोकळेपणाने दिसू लागतात. सगळ्या शक्यता लिहिलेल्या कागदावर ही जोडी इतर अंकांच्या गर्दीत लपून जाते.

या पद्धतीची मर्यादाही ठाऊक असावी. ती ‘हा अंक कुठे जाईल’ हे सांगते, ‘या घरात काय येईल’ हे सांगत नाही. एखाद्या घरात आडवी, उभी ओळ आणि चौकोन मिळून आठ अंक बाद झालेले असतात आणि नववाच शक्य असतो. असे घर कोपऱ्यातल्या खुणांत दिसत नाही. म्हणून नव्या मोठ्या अंकाशिवाय आणि नव्या खुणेशिवाय एक पूर्ण फेरी कोरडी गेली, तर पद्धत बदलावी. आधी ज्या ओळीत चारच घरे उरली आहेत तिथे, मग गरज पडली तर इतरत्र, घराच्या मध्यभागी त्या घराचे सगळे शक्य अंक लिहावेत. कोपरा जोडीसाठी आणि मध्य पूर्ण यादीसाठी, हा भेद काटेकोर पाळावा. तो मोडला, की कोपऱ्यातला एकटा उरलेला अंक उत्तर आहे की अर्धवट राहिलेली यादी, हे कळेनासे होते.

मध्यभागी यादी लिहिली की एखाद्या घरात एकच अंक उरलेला सापडतो, किंवा एकाच ओळीतल्या दोन घरांत तेच दोन अंक दिसतात आणि ओळीतल्या इतर घरांतून ते खोडता येतात. मोठा अंक मिळाला की यादी वाढवत बसू नये. तो अंक घेऊन लगेच पुन्हा नजरेची फेरी मारावी, कारण अडलेले कोडे एका अंकाने मोकळे झाले की पुढचे चार-पाच अंक बहुधा साध्या नजरेलाच दिसतात.

चूक झाली आहे हे खुणाच आधी दाखवतात. ज्या ओळीत मोठा सात बसलाय त्याच ओळीत बारीक सात शिल्लक दिसला, तर खोडणे राहिले आहे. एखाद्या चौकोनात जोडीतले दोन्ही अंक खोडले गेले आणि त्या अंकाला घरच उरले नाही, तर मात्र आधीचा एखादा मोठा अंक चुकलेला आहे. अशा वेळी शेवटी भरलेल्या अंकापासून उलटे मागे जात, प्रत्येक अंक कोणत्या कारणाने भरला ते तपासावे. ज्याचे कारण सांगता येत नाही, तिथून पुढचे सगळे खोडावे.