रेंज फुल्ल, तरी नेट संथ: एक्स्टेंडर स्पीड कुठे खातो?

आतल्या बेडरूममध्ये वायफाय नीट येत नाही, म्हणून दीड-दोन हजारांचा एक्स्टेंडर आणला जातो आणि बेडरूममधल्याच सॉकेटमध्ये लावला जातो. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या राहतात. व्हिडिओ मात्र पूर्वीइतकाच अडकतो, कधी पूर्वीपेक्षा जास्त. मग यंत्र खराब निघालं म्हणून परत केलं जातं, नाहीतर इंटरनेट कंपनीकडे तक्रार जाते. बहुतेक घरांत दोघांचाही दोष नसतो. एक्स्टेंडर त्याला जमेल तेवढं काम करत असतो, पण त्याला बसवलेलं असतं चुकीच्या जागी.

फोनवरच्या काड्या फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातला सिग्नल दाखवतात. एक्स्टेंडर दोन हातांवर आहे, तेव्हा त्या पूर्ण दिसणारच. पण एक्स्टेंडरकडे स्वतःचं इंटरनेट नसतं, ते त्याला राउटरकडून आणावं लागतं. राउटर ते एक्स्टेंडर हा जो मागचा दुवा, त्याला बॅकहॉल म्हणतात, आणि त्याची ताकद फोनच्या पडद्यावर कुठेच दिसत नाही. बेडरूममध्ये राउटरचा सिग्नल क्षीण आहे म्हणून आपण एक्स्टेंडर आणला आणि त्याच क्षीण सिग्नलच्या जागी तो लावला. फोनला जे ऐकू येत नव्हतं, ते आता एक्स्टेंडरला ऐकू येत नाही.

यात भर पडते चॅनलची. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, त्या वेळी बाकीच्यांनी गप्प राहून आपली पाळी येण्याची वाट बघायची असते. राउटरशी बोलायचं तर एक्स्टेंडरला राउटरच्याच चॅनलवर असावं लागतं, आणि साध्या एक्स्टेंडरमध्ये एका बँडसाठी एकच रेडिओ असल्याने फोनशीही तो त्याच चॅनलवर बोलतो. त्याचं काम दुभाषासारखं असतं: आधी राउटरचं वाक्य ऐकायचं, मग तेच वाक्य फोनला पुन्हा सांगायचं, आणि तोवर खोलीतल्या इतरांनी थांबायचं. प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते. त्यामुळे दोन्ही दुवे उत्तम असले तरी एकाच चॅनलवर वेग साधारण निम्मा होतो. हा यंत्रातला बिघड नाही, त्याच्या रचनेचाच भाग आहे.

आता हिशोब करून पाहू. समजा, एका टू बीएचके फ्लॅटमध्ये 100 एमबीपीएसचा प्लॅन आहे. फायबरची वायर मुख्य दारातून आली, म्हणून राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या युनिटवर बसला. आतली बेडरूम दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये टाइल्स आणि पाइपांनी भरलेली बाथरूम. हॉलमध्ये प्लॅनचे पूर्ण 100 मिळतात, बेडरूममध्ये जेमतेम 10. एक 50 मेगाबाइटचा व्हिडिओ उतरवायचा आहे. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे 400 मेगाबिट. एक्स्टेंडर नसताना बेडरूममध्ये त्याला 40 सेकंद लागत होते.

एक्स्टेंडर बेडरूममध्ये लावला. राउटर ते एक्स्टेंडर हा दुवा 10 चाच राहिला, म्हणजे 40 सेकंद. तिथून शेजारच्या फोनपर्यंत 100 चा वेग धरला तर आणखी 4 सेकंद. दोन्ही कामं एकाच चॅनलवर असल्याने वेळेची बेरीज होते, 44 सेकंद. म्हणजे वेग सुमारे 9, एक्स्टेंडर नव्हता तेव्हापेक्षाही कमी.

वैतागून तोच एक्स्टेंडर हॉलमध्ये राउटरच्या शेजारी लावला, तर उलटं होतं. मागचा दुवा फार वेगवान होतो, समजा 200, म्हणजे 2 सेकंद. पण पुढे बेडरूमपर्यंत त्याच भिंती ओलांडायच्या, म्हणजे पुन्हा 10 चा वेग आणि 40 सेकंद. एकूण 42. काहीच साधलं नाही.

आता तो मधल्या पॅसेजमध्ये लावा, जिथून राउटरही बरा दिसतो आणि बेडरूमचं दारही. दोन्ही दुवे 80 चे धरले, तर 5 आणि 5 मिळून 10 सेकंद, म्हणजे 40 एमबीपीएस. यंत्र तेच, प्लॅन तोच, फक्त जागा बदलली आणि वेग चौपट झाला. हॉलमधले 100 बेडरूममध्ये मिळाले नाहीत, आणि या मार्गाने ते मिळणारही नाहीत. पण 40 मध्ये व्हिडिओ कॉल आणि टीव्ही दोन्ही आरामात चालतात.

या आकड्यांमागे आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांना भोवते. पहिल्या मांडणीत व्हिडिओ उतरत असताना जवळजवळ 44 सेकंद चॅनल अडकून राहिला. त्या काळात हॉलमध्ये राउटरसमोर बसलेल्या माणसालाही त्याच चॅनलवर आपली पाळी येण्याची वाट बघावी लागली. म्हणजे चुकीच्या जागी लावलेला एक्स्टेंडर बेडरूमला फारसं काही देत नाहीच, वर हॉलचा वेगही ओढतो. एक्स्टेंडर लावल्यापासून सगळ्या घराचं नेट संथ झालं, असं कुणी म्हणतं तेव्हा तो भ्रम नसतो.

मधली जागा अंतर मोजून ठरवू नये, सिग्नल मोजून ठरवावी. 5 गिगाहर्ट्‌झचा बँड वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकतो, 2.4 दूर जातो, पण हळू असतो. आरसीसीचा कॉलम, लिफ्टची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांमागे सिग्नल फार घसरतो, त्यामुळे चार पावलं डावी-उजवीकडे सरकल्यानेही फरक पडतो. लॅपटॉप घेऊन नियोजित जागी जा, थेट राउटरच्या 5 गिगाहर्ट्‌झवर जोडा आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा:

```
netsh wlan show interfaces
```

येणाऱ्या यादीत Channel, Receive rate आणि Signal या ओळी पाहा. Signal साधारण 70 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ती जागा एक्स्टेंडरला चालेल. 60 च्या खाली गेला तर राउटरच्या दिशेने सरका. Receive rate मध्ये दिसणारा आकडा हा दोन यंत्रांनी आपसात ठरवलेला वेग असतो, हातात पडणारा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास धरावा. अँड्रॉइड फोनवर सिग्नल दाखवणारी ॲप आहेत. त्यांत उणे आकडा दिसतो. उणे 65 च्या आसपास असेल तर चांगला, उणे 75 असेल तर जागा बदला.

प्रत्यक्षात अडचण येते ती सॉकेटची. आपल्या घरांत पॅसेजमध्ये बऱ्याचदा सॉकेटच नसतो, आणि असलाच तर फ्रिजमागे, गुडघ्याच्या उंचीवर. फ्रिजच्या पत्र्यामागे एक्स्टेंडर खुपसला, की मधली जागा साधूनही उपयोग होत नाही. वायर असलेला चांगला एक्स्टेंशन बोर्ड घेऊन तो कपाटाच्या उंचीवर, मोकळ्या जागी आणावा.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही सांगायला हवं, कारण त्यांनी पुष्कळ गैरसमज पसरवला आहे. एसी1200 म्हणजे 2.4 चे 300 आणि 5 चे 867 यांची मिळून पूर्णांकात केलेली बेरीज. एक फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे तो 1200 कधीच कुणाला मिळत नाही. दोन बँड असण्याचा खरा फायदा वेगळा आहे. एक्स्टेंडरने राउटरशी 5 वर आणि फोनशी 2.4 वर बोलायचं ठरवलं, तर दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. मग वेळेची बेरीज होत नाही, दोन दुव्यांपैकी जो मंद असेल तेवढा वेग मिळतो. काही यंत्रांत यासाठी वेगळा मोड असतो. सुट्या बंगल्यात, शेतावरच्या घरात याचा चांगला उपयोग होतो. दाट वस्तीतल्या सोसायटीत मात्र 2.4 वर शेजारच्या वीस-पंचवीस घरांची गर्दी असते. तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. अशा ठिकाणी या मोडने फारसं काही हाती लागत नाही.

मेश म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग संचांनाही हाच नियम लागू आहे. बिनतारी बॅकहॉल असलेला दोन बँडचा मेश फोनला एका यंत्राकडून दुसऱ्याकडे छान सोपवतो, पण मागच्या दुव्याची वेळ त्यालाही मोजावी लागते. तीन बँडच्या संचात एक बँड बॅकहॉलसाठी राखून ठेवता येतो, तिथे फरक पडतो. दुकानात विचारायचा प्रश्न तोच: बॅकहॉल कशावर चालतो?

खरा उपाय वायर आहे, आणि पर्याय असेल तर मी कुणालाही तोच सुचवेन. राउटरच्या लॅन पोर्टमधून कॅट 6 ची वायर स्कर्टिंगवरून, प्लास्टिकच्या पट्टीतून बेडरूमपर्यंत न्यावी. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. त्या टोकाला एक्स्टेंडर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवावा. आता मागचा दुवा हवेत राहिलाच नाही, त्यामुळे राउटरच्या चॅनलवर राहण्याची सक्तीही गेली. राउटर 36 वर असेल तर बेडरूमचं यंत्र 149 वर ठेवा, नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच. दोघं एकमेकांची वाट बघत बसणार नाहीत. या मांडणीत एक्स्टेंडर अगदी बेडरूममध्ये, पलंगाशेजारी लावला तरी चालतो. मधली जागा शोधण्याचं कारणच उरत नाही. घरात जुना राउटर पडून असेल तर एक्स्टेंडर घ्यायचीही गरज नाही. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड नसला तर त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा करावा, डीएचसीपी बंद करावं आणि वायर वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घालावी.

वायर टाकूनही वेग 94 च्या आसपास येऊन थांबत असेल आणि प्लॅन 200-300 चा असेल, तर पोर्ट तपासा. स्वस्त एक्स्टेंडरमध्ये 100 चाच पोर्ट असतो, आणि त्यातून प्रत्यक्षात तेवढेच निघतात. पोर्ट गिगाबिट असूनही आकडा तोच येत असेल तर वायरीच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असते किंवा क्लिपमध्ये नीट बसलेली नसते. तेव्हा दोन्ही यंत्रं आपोआप 100 वर उतरतात. क्लिप कापून पुन्हा क्रिंप केली, की बहुधा काम होतं.