हळदीचे सहा दावे आणि उसाचा डोळा

तेलगावात साखर कारखाना आहे, आसपास ऊस आहे, त्यामुळे वेल्डिंगच्या दुकानात उसासाठी काही ना काही जुगाड चाललेलं असतं. समजा, तिथल्या एका कारागिरानं उसाच्या कांडीचा डोळा कापून काढणारं, पायानं चालणारं यंत्र बनवलं. पेटंटसाठी अर्ज करावा असं मनात आलं, शोध घेतला, तर चीनमधलं तसंच एक पेटंट हाती लागलं, यंत्रानं भाषांतर केलेलं. शेवटी दहा क्रमांकित वाक्यं, त्यातली निम्मी ‘दावा १ प्रमाणे’ अशी सुरू होणारी. हा कागद वाचताना जे गैरसमज होतात, त्यापायी कुणी उगाच माघार घेतो, तर कुणी उगाच पैसे घालवतो.

आधी दाव्यांची रचना बघू, आणि त्यासाठी आपल्या ओळखीचं खरं उदाहरण घेऊ. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीवर पेटंट मिळालं, क्रमांक ५४०१५०४. डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआरचे प्रमुख झाले. त्या संस्थेनं आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द ठरलं. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्यातले सहा दावे मात्र फार थोड्यांनी वाचलेत. मराठीत त्यांचा आशय असा: १) रुग्णाला परिणामकारक मात्रेत हळद पूड देऊन जखम भरून येण्यास मदत करण्याची पद्धत. २) दावा १ प्रमाणे, हळद पोटात देऊन. ३) दावा १ प्रमाणे, हळद जखमेवर लावून. ४) दावा १ प्रमाणे, दोन्ही प्रकारे. ५) दावा १ प्रमाणे, जखम शस्त्रक्रियेची असताना. ६) दावा १ प्रमाणे, जखम म्हणजे शरीरावरचा अल्सर असताना.

पहिला दावा स्वतंत्र, कारण तो दुसऱ्या कुणाचा आधार घेत नाही. बाकीचे पाच अवलंबी.

गैरसमज: पुढचे दावे म्हणजे जादा हक्क, पहिल्यात नाही ते पुढच्यात मिळतं.

प्रत्यक्षात उलट आहे. अवलंबी दाव्यात पहिल्यातली प्रत्येक अट आपोआप येते आणि वर आणखी एक अट लागते. म्हणून तो अरुंद असतो. जी गोष्ट दावा ३ मध्ये बसते ती दावा १ मध्ये बसतेच; जी दावा १ मध्येच बसत नाही, ती ३ मध्ये बसूच शकत नाही. म्हणून यंत्र दुसऱ्याच्या पेटंटमध्ये सापडतंय का हे बघायचं, तर दहाही वाक्यांशी झुंजायची गरज नाही. आधी स्वतंत्र दावे शोधा. तो एकच असेल असं मात्र धरून चालू नका. आठव्या क्रमांकावर ‘डोळा कापण्याची पद्धत’ असं नव्यानं सुरू होणारं वाक्य असेल, तर तोही स्वतंत्रच.

गैरसमज: पहिला दावा पडला की सगळं पेटंट पडतं.

दावा रुंद असला की तो पाडणं सोपं असतं. हळद जखमेवर लावायची असं एका जुन्या छापील ग्रंथात सापडलं, तर दावा १ जातो आणि ३ सुद्धा जातो. पण तेवढ्यानं दावा २ जात नाही, कारण पोटात हळद दिल्याचं त्या ग्रंथात नाही. ६ तर अल्सरपुरता आहे. प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो, किंवा ती भर जाणकाराला सहज सुचण्यासारखी होती हे दाखवावं लागतं. सीएसआयआरनं ३२ संदर्भ दिले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने ग्रंथ होते आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेखही होता. ‘आमच्याकडे आजी लावायची’ एवढं पुरलं नसतं. भारतातला नुसता वापर तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात धरला जात नव्हता, छापील लिखाण धरलं जात होतं. अखेर सहाही दावे रद्द झाले.

म्हणून आपल्या अर्जात अवलंबी दावे लिहायचे असतात. पहिला गेला तर मागे उभं राहायला जागा राहते.

गैरसमज: त्यांच्या पहिल्या दाव्यात माझं यंत्र बसत नाही, म्हणजे मला पेटंट मिळेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे थोडं थांबू. दोन प्रश्न अगदी वेगळे आहेत. मी त्यांचं उल्लंघन करतोय का, याचं उत्तर दाव्यांत असतं, आणि तेही ते पेटंट जिथे चालू आहे त्या देशापुरतं. चीनमधलं पेटंट तेलगावच्या दुकानाला अडवत नाही; त्याचं भारतातही पेटंट आहे का हे भारतीय पेटंट कार्यालयाच्या InPASS वर बघता येतं. माझं नवं आहे का, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्या अख्ख्या कागदात असतं: वर्णन, आकृत्या, अवलंबी दावे, सगळं. आणि तिथे देशाची सीमा नसते.

आपल्या यंत्रावर हे लावून बघू. समजा, त्यांचा दावा १ म्हणतो: चौकट, पायदांडी, पातं आणि पातं वर खेचणारी स्प्रिंग. आपल्या कारागिरानं स्प्रिंगऐवजी वजन लावलंय. एक अट गळली, म्हणजे शब्दशः उल्लंघन नाही (न्यायालय ‘तेच काम तशाच रीतीनं’ असंही बघू शकतं, तो धोका राहतो). आता वर्णन वाचा. तिथे एका ओळीत ‘स्प्रिंगच्या जागी वजनही चालेल’ असं असेल, तर वजनाची नवलाई संपली, दाव्यात तो शब्द नसला तरी. तशी ओळ नसेल, तरी स्प्रिंगच्या जागी वजन ही कुणालाही सुचणारी अदलाबदल आहे असं परीक्षक म्हणेल. पण आपल्या कारागिराच्या पात्याची खाच अशी असेल की डोळ्याला धक्का न लागता ठरावीक जाडीची चकती निघते, आणि त्या कागदात तसलं काही नसेल, तर अर्ज त्या खाचेवर उभा करावा. तिचा आकार आणि कोन स्वतंत्र दाव्यात घ्यावा; वजन, पायदांडीची लांबी अवलंबी दाव्यांत जाऊ द्या.

भाषांतराचं काय? हळदीच्या पहिल्या दाव्यात मूळ इंग्रजीत घाव भरणारं द्रव्य ‘हळद पुडीचंच’ असं बंदिस्त लिहिलेलं आहे. भाषांतरात ते ‘हळद असलेलं’ झालं, तर हळद आणि चुना मिसळलेला लेपही दाव्यात आल्यासारखा वाटेल. यंत्रानं केलेल्या भाषांतरात ‘यांचा समावेश असलेलं’ आणि ‘फक्त यांचंच बनलेलं’ यांची गल्लत होऊ शकते. म्हणून त्याच पेटंटची इंग्रजी भावंडं आहेत का हे Espacenet वर पाहावं. नसतील, तर दाव्यातल्या भागांचे क्रमांक आकृतीतल्या क्रमांकांशी जुळतात का ते बघावं; ‘१२’ आकृतीत पातं आणि दाव्यात हँडल असेल, तर त्या भाषांतरावर निर्णय घेऊ नये.

आपला अर्जही भाषांतरातूनच जाणार आहे. भारतात तो हिंदी किंवा इंग्रजीत लागतो, मराठीत चालत नाही. एजंटनं इंग्रजी दावे लिहिले की ते मराठीत समजावून घ्यावेत, आणि पहिल्या दाव्यातल्या प्रत्येक भागाला विचारावं: हा काढला तर माझी खाच काम करते का? करत असेल, तर तो भाग तिथून काढून अवलंबी दाव्यात टाकावा, नाहीतर शेजारचा तोच भाग वगळून तेच यंत्र विकेल. दहा दाव्यांपर्यंत जादा शुल्क नाही, त्यापुढे प्रत्येकाला आहे. आणि अर्ज दाखल होईपर्यंत ते यंत्र कृषी प्रदर्शनात मांडू नये, त्याचा व्हिडिओही टाकू नये; सवलत आहे, पण ती सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगांपुरतीच.